उलटा तीन आणि बरोबर उत्तर

(बीड जिल्ह्यात पहिलीच्या शिक्षकांसमोर झालेलं बोलणं, थोडं संपादित करून.)

पहिलीच्या लेकरानं अंक उलटा काढला की आपला लाल पेन लगेच उठतो. तो कुठं थांबवायचा आणि कुठं थांबवायचा नाही, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी कारण बघू. बैल डावीकडं तोंड करून उभा असो की उजवीकडं, तो बैलच असतो. पाच-सहा वर्षांपर्यंत लेकराच्या मेंदूनं जग असंच ओळखलेलं असतं. तोंड फिरलं म्हणून वस्तू बदलत नाही. अक्षरं आणि अंक हा नियम मोडतात. ते अंगवळणी पडायला वेळ लागतो, आणि साधारण सात-आठ वर्षांपर्यंत उलटे अंक अधूनमधून येत राहतात. तेवढ्यावरून लेकरू मठ्ठ आहे किंवा त्याला वाचनाचा काही दोष आहे, असं ठरवू नका.

म्हणून कार्यपत्रिकेत बेरीज तपासायची असेल तर बेरीजच तपासा. चार रेघेबाहेर गेला, आठाचं पोट वाकडं झालं, दोन आरशातला आला, तरी उत्तर बरोबर असेल तर पूर्ण गुण द्या. शेजारी पेन्सिलीनं तो अंक नीट काढून ठेवा. वळणाची नोंद वर्णनात्मक नोंदीत जाईल. बेरजेचे गुण त्यापायी कापायचे नाहीत.

पण आपल्या मराठी अंकांत एक खरी अडचण आहे. ३ उलटा केला की जवळजवळ ६ होतो, आणि ६ उलटा केला की ३. इथं नुसत्या सैलपणानं भागत नाही, कारण चुकीचं उत्तरही वळणाच्या नावाखाली बरोबर धरलं जाईल.

समजा एका मुलीची कार्यपत्रिका समोर आहे. २ + १ पुढं तिनं ६ लिहिलाय. बरोबर की चूक? त्या एका गणिताकडं बघून ते कळणारच नाही. खाली सरका. ‘१, २, __, ४’ या रिकाम्या जागेतही ६ आहे. दोन आणि चारच्या मधे सहा येतात, असं तिला खरंच वाटत असेल का? बहुतेक नाही, तिचा तीनच तसा निघतो. पुढं ५ + १ ला पण ६ आहे, तो सरळच आहे. म्हणजे तिच्या हातून दोन्ही अंकांना एकच आकार येतोय. तिन्ही उत्तरं बरोबर धरा, आणि ३-६ चं वळण वेगळं घ्या.

आता दुसरा मुलगा. रिकाम्या जागेत ३ सरळ काढलाय, पण ४ + २ पुढंही ३ लिहिलाय. इथं त्याला जवळ बोलवावं लागतं. ‘चार आणि दोन किती?’ असं मात्र विचारू नका. तो नव्यानं बेरीज करून सहा म्हणेल, आणि कागदावर त्याला काय लिहायचं होतं ते तुम्हाला कळायचं नाही. गणित हातानं झाका, फक्त त्याचा अंक दाखवा आणि म्हणा, ‘एवढे चिंचोके काढ.’ सहा काढले तर ते वळण आहे. तीन काढले तर बेरीज चुकली. गुण द्यायचे नाहीत. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि ते सगळ्यांसोबत करावं लागत नाही.

पंचवीसला ५२ लिहिणं ही गोष्ट मात्र वेगळी. आपण पाच आधी उच्चारतो, म्हणून लेकरू पाच आधी लिहितं. कारण समजतं, तरी इथं अंक उलटा नाही, जागा बदलली आहे, आणि जागा बदलली की संख्याच बदलते. काड्या दिल्यावर त्यानं दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काढल्या तर ‘संख्या कळते, लेखन चुकतं’ अशी नोंद करा. पण ५२ ला बरोबरची खूण नको.

वळण शिकवताना तोच अंक पन्नास वेळा लिहायला लावू नका. उलटा पन्नास वेळा लिहिला तर तोच पक्का होतो. सुरुवात कुठून होते ते दाखवा. ३ डावीकडून सुरू होऊन उजवीकडं फुगतो. ६ उजवीकडून सुरू होऊन डावीकडं. सुरुवातीच्या जागी एक ठिपका द्या, धुळीत बोटानं मोठा काढून घ्या, तोंडानं ‘इकडून तिकडं’ म्हणवून घ्या. दोन्ही अंक एकाच दिवशी नकोत. आधी ३ पक्का होऊ द्या, मग ६ घ्या.

आपल्याकडं दिवाळीच्या सुमारास काही लेकरं आई-बापाबरोबर उसाच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. त्यांच्या हाताला पेन्सिलीची सवय कमी, पण मोळ्या आणि पैसे मोजण्यात ती अनेकदा तरबेज असतात. त्यांची पत्रिका वर्गातल्या इतरांच्या वळणाशी ताडून बघू नका. आधी तोंडी विचारा, चिंचोक्यांवर करून घ्या, मगच कागद तपासा. आणि दुसरी संपत आली तरी बहुतेक अंक उलटेच येत असतील, शिवाय मोजण्यात किंवा वाचण्यातही लेकरू अडकत असेल, तर मात्र पालकांशी बोला आणि केंद्रप्रमुखांच्या कानावर घालून विशेष शिक्षकांना दाखवा.