मागणे राहिले: एका गझलेचं निवेदन

[दृश्य: शहापूर, बेळगाव. एका घराच्या ओसरीवर उघडी वही. शेजारच्या गल्लीतून यंत्रमागाचा आवाज.]

बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग भागात विणकरांची वस्ती आहे. दुपारी गल्लीतून चालताना मागांचा ठेका कानात बसतो. दुकानांच्या पाट्यांवर कन्नड, ओट्यावरच्या गप्पांत मराठी, आणि मधल्या दारातून दोन्ही. याच गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेची ही वही. इथे त्यांना सगळे अक्का म्हणतात. वहीत एक गझल आहे आणि तिच्यावर तांबड्या शाईच्या रेघा आहेत. त्या रेघा नीट बघा, कारण खरं काम तिथेच झालंय.

[दृश्य: वहीचं पान, जवळून. खोडलेल्या दोन ओळी.]

अक्कांनी आधी लिहिलं होतं:

नेहमी भेटलो, बोलणे राहिले
देवही पावला, मागणे राहिले

ऐकायला गोड आहे. वृत्तही चोख आहे: 'गा' म्हणजे गुरू अक्षर, 'ल' म्हणजे लघू, आणि ओळ चालते गालगा गालगा गालगा गालगा, म्हणजे स्रग्विणी. तरीही गझल शिकवणाऱ्या सरांनी पहिली ओळ खोडली.

गझलेचा पहिला शेर म्हणजे मतला. त्याच्या दोन्ही ओळींच्या शेवटी जो शब्द जसाच्या तसा येतो, तो रदीफ. इथे तो 'राहिले'. त्याच्या लगेच आधी यमकाचा शब्द येतो, तो काफिया. तो दर वेळी बदलतो, पण त्याचा नाद टिकतो. यमकातल्या न बदलणाऱ्या अक्षरांच्या आधीचा जो स्वर सारखा ठेवावा लागतो, त्याला अलामत म्हणतात.

आता 'बोलणे' आणि 'मागणे' घ्या. दोन्हींतला 'णे' हा नुसता प्रत्यय आहे. तो काढला की उरतात 'बोल' आणि 'माग', आणि त्यांचं एकमेकांशी यमक जुळत नाही. प्रत्ययाला प्रत्यय जुळवून काफिया झाल्याचा भास होतो, आणि नवीन लिहिणारे सर्वांत जास्त इथेच फसतात. ओळखायची रीत सोपी आहे: प्रत्यय झाका आणि उरलेला शब्द मोठ्याने म्हणा.

[दृश्य: वहीच्या समासात शब्दांची यादी. बोट एकेका शब्दावरून सरकतंय.]

मग अक्कांनी समासात यादी केली. मागणे, जागणे, लागणे, वागणे, भागणे. 'आ' ही अलामत, तिच्यापुढे 'गणे'. त्यांना मनापासून हवा असलेला शब्द होता 'सांगणे'. तोही त्यांनी यादीत लिहिला होता आणि मग खोडला. 'सां'वरचा अनुस्वार कानाला वेगळा लागतो. कितीतरी जण हा शब्द चालवून घेतील. अक्कांनी तो काफियात घेतला नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. शेवटी मतला असा उतरला:

शब्द होता दिला, जागणे राहिले
देवही पावला, मागणे राहिले

दिलेल्या शब्दाला जागायचं राहून गेलं. देव प्रसन्न झाला आणि नेमकं मागायचंच राहून गेलं. यमक घट्ट झालं आणि अर्थही आधीपेक्षा खोल गेला.

[दृश्य: वाचनालयाच्या खोलीत सतरंजीवर बसलेली मंडळी. अक्का वाचतायत.]

मतल्यानंतर नियम बदलतो. पुढच्या प्रत्येक शेरात पहिली ओळ मोकळी असते, आणि काफिया-रदीफ फक्त दुसऱ्या ओळीत येतात. म्हणून पाच शेरांच्या गझलेत रदीफ सहा वेळा ऐकू येतो: मतल्यात दोनदा, पुढे एकेकदा. पहिली ओळ म्हणून झाल्यावर अक्का थांबतात, ती पुन्हा म्हणतात, आणि मंडळी काफियाची वाट बघत राहतात. हे ओठ बघा. काफिया आला की रदीफ सगळी खोली म्हणते.

दुसऱ्या शेराची पहिली ओळ आधी अशी होती: 'दोन बोली घरी, दार मोठे खुले'. 'खुले' आणि 'राहिले', दोन्हींच्या शेवटी 'ले'. मोकळ्या ओळीचा शेवट रदीफाशी असा जुळला की ऐकणाऱ्याला पुन्हा मतला सुरू झाल्यासारखं वाटतं, आणि दुसऱ्या ओळीची वाट बघण्यातली गंमत आधीच सांडते. हा तकाबुले रदीफ, गझलेतला एक दोष. तो वाचताना सहसा निसटतो, कानाने मात्र पकडता येतो. अक्कांनी ओळीचा उत्तरार्ध बदलला:

दोन बोली घरी, दोन दारे खुली
आत आहे दिवा, लागणे राहिले

सीमाभाग म्हटलं की मोर्चे आणि फलक दाखवले जातात. या घरातला दिवा मात्र असा दोन ओळींत दाखवता आला, आणि तोही अर्ध्या ओळीची दुरुस्ती केल्यावर. म्हणून तर इथल्या मुलांना गझल तंत्रासकट शिकवली पाहिजे, असं मला वाटतं. सुरेश भटांनी नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी' लिहिली ती याच हट्टाने.

[दृश्य: बंद पडलेला हातमाग. त्यावर धूळ, एक धोटा.]

रदीफाची खरी परीक्षा पुढे आहे. तोच शब्द सहा वेळा यायचा असेल तर त्याने दर वेळी काहीतरी काम करायला हवं. झाकून बघा. 'राहिले' काढूनही ओळीचा अर्थ पुरा होत असेल तर तो भरतीचा झाला. आणि काम करूनही तो दर वेळी एकच अर्थ देत असेल, तर तिसऱ्या शेरापर्यंत ऐकणारा कंटाळतो. आतापर्यंत अक्कांचं 'राहिले' म्हणजे राहून गेलं, करायचं सुटलं. मग हा शेर येतो:

माग झाले मुके, पेठ झाली नवी
माणसे पांगली, वागणे राहिले

इथे 'राहिले' म्हणजे टिकलं. माणसं गेली, त्यांची वागण्याची रीत मागे उरली. शब्द तोच, आणि अर्थ उलटा फिरला. खोलीत दाद आली ती याच ओळीला.

[दृश्य: अक्का हाताची ओंजळ करून ओळ समजावतायत.]

काफियात न बसलेलं 'सांगणे' चौथ्या शेरात पहिल्या, मोकळ्या ओळीत आलं:

सांगण्याची तुला ओढ होती किती
ओंजळी संपल्या, भागणे राहिले

आता यादी संपली. मतला इतका घट्ट बांधला की हाताशी पाचच काफिये होते, आणि पाचही वापरून झाले. मतल्यात जी अक्षरं बांधली, ती शेवटच्या शेरापर्यंत सोडता येत नाहीत. गझलेला निदान पाच शेर असावेत हा संकेत, आणि इथे चारच. 'डागणे' सुचला होता, पण त्यासाठी ओढूनताणून शेर रचावा लागला असता. अक्कांनी तो नाकारला. काफियाचा शब्द दुसऱ्या अर्थाने पुन्हा घेता येतो, ही वाट त्यांनी धरली. मतल्यात 'जागणे' म्हणजे शब्दाला जागणे. इथे रात्रीचं जागणं:

लेक मोठी अता, दूर देशी सुखी
पाळणा थांबला, जागणे राहिले

[दृश्य: उचगावच्या रस्त्यावर संमेलनाची कमान.]

हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. अक्कांनी ही गझल तिकडे पाठवायचं ठरवलंय. सरांनी शेवटच्या शेराशेजारी पेन्सिलीने एक प्रश्न लिहून ठेवलाय: 'अता' ही वृत्तासाठी घेतलेली सूट आहे, ती टाळता येईल का? अक्का त्यावर अजून विचार करतायत.