जर्मन वर्कशीटमधला जादा ‘नाही’

(जळगावात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मागच्या आठवड्याची वर्कशीटं तपासून झाली. ‘काइन’ आणि ‘निश्ट’ बहुतेकांना जमलंय. नामाला नकार द्यायचा तर ‘काइन’: ताप नाही, ‘काइन फीबर’. क्रियापदाला नकार द्यायचा तर ‘निश्ट’: मी येत नाही, ‘इश कोमं निश्ट’. त्यावर आज वेळ घालवत नाही. सहाव्या प्रश्नाने मात्र निम्म्या वर्गाला पाडलंय.

प्रश्न होता, ‘हाट येमांट आनगेरूफेन?’, म्हणजे कोणी फोन केला होता का? उत्तर नकारात द्यायचं होतं. तुम्ही लिहिलंत, ‘नाइन, नीमांट हाट निश्ट आनगेरूफेन.’ जर्मन माणूस हे वाचून जरा थांबेल आणि मग अर्थ लावेल की फोन केला नाही असा एकही जण नव्हता. म्हणजे सगळ्यांनी फोन केला!

ही चूक निष्काळजीपणाची नाही, मराठीची आहे. आपण म्हणतो, ‘कोणीच फोन केला नाही.’ यात ‘नाही’ किती? एकच, आणि तोही क्रियापदापाशी. ‘कोणीच’ला स्वतःचा नकार नाही. नुसतं ‘कोणीच फोन केला’ म्हणून बघा, वाक्य लटकतं. अहिराणीतही तेच, ‘कोनीच उनं नही’, ‘नही’ शेवटी येतो तेव्हाच गोष्ट पक्की होते. जर्मनमध्ये उलटं आहे. ‘नीमांट’ या शब्दाच्या पोटातच ‘नाही’ आहे. तुम्ही ‘कोणीच’ला ‘नीमांट’ केलंत तिथेच नकार खर्च झाला, आणि मराठीच्या सवयीने शेवटचा ‘नाही’ पुन्हा ‘निश्ट’ म्हणून आणलात. बरोबर उत्तर, ‘नाइन, नीमांट हाट आनगेरूफेन.’

आता त्याच्या पुढची पायरी. ‘कोणीच काही बोललं नाही.’ इथे काही जणांनी ‘निश्ट’ काढला, शाबास, पण ‘काही’च्या जागी ‘निश्ट्स’ बसवला, ‘नीमांट हाट निश्ट्स गेझाख्ट’. ‘निश्ट्स’ म्हणजे ‘काहीच नाही’, तोही पोटात नकार घेऊन आलेला. प्रमाण जर्मनमध्ये एका गोष्टीला एकच नकार पुरतो, म्हणून ‘काही’साठी साधा ‘एटवास’ घ्यायचा: ‘नीमांट हाट एटवास गेझाख्ट.’ तपासायची युक्ती सोपी आहे. वाक्य लिहून झालं की नकाराचे शब्द पेन्सिलने गोल करा. एका क्रियापदामागे दोन गोल दिसले तर एक जादा आहे.

उद्या जर्मनीच्या बायर्न राज्यात नोकरी लागली तर गावच्या आजोबांच्या तोंडी दोन-दोन नकार ऐकाल आणि म्हणाल, सरांनी चुकीचं शिकवलं. नाही. बायर्नच्या बोलीत दोन नकार आले तरी अर्थ नकाराचाच राहतो. जुन्या जर्मनमध्येही ते चालायचं. परीक्षा मात्र प्रमाण भाषेची आहे.

खरोखर दोन नकारांचा होकार आपल्यालाही येतो. ‘भरीत खाल्ल्याशिवाय जाणार नाही’ म्हणजे खाऊनच जाणार. ‘अशक्य नाही’ म्हणजे होऊ शकतं. जर्मनमध्ये तेच ‘निश्ट उनम्योग्लिश’. इथे दुसरा नकार मुद्दाम ठेवलेला असतो. तुमच्या सहाव्या उत्तरात तो चुकून आला होता, एवढाच फरक.

आता वॉर्डातली गोष्ट, कारण इथे चूक महागात पडेल. तुम्ही रुग्णाला विचारता, ‘हाबेन झी काइने श्मेर्त्सेन?’, दुखत नाहीये का? मराठी रुग्ण म्हणतो, ‘हो, नाही दुखत.’ ‘हो’ म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर. जर्मन रुग्ण तसं करत नाही. दुखत नसेल तर तो ‘नाइन’ म्हणेल. दुखत असेल तर नेहमीचा होकाराचा ‘या’ न म्हणता ‘डोख’ म्हणेल, म्हणजे ‘तुम्ही नाही म्हणता, पण दुखतंय’. तुम्ही ‘डोख’ला नुसता होकार समजलात आणि मनात प्रश्न ‘दुखत नाही ना?’ असा धरलात, तर चार्टवर नेमकं उलटं लिहाल.

‘डोख’ला मराठी शब्द नाही म्हणतात, पण त्याचं काम आपण रोज करतो. आजी विचारते, ‘तू जेवना नही का?’ तुम्ही म्हणता, ‘जेवनू ना!’ हा ‘ना’, किंवा पुण्याकडचा ‘जेवलो की!’मधला ‘की’, हाच तुमचा ‘डोख’. फक्त तो आपल्याकडे क्रियापदाच्या मागे येतो, जर्मनमध्ये सगळ्यात आधी.

आणि ‘वोलेन झी झिश निश्ट झेत्सेन?’ असं कोणी विचारलं तर बसणार नाही का, म्हणून आग्रह चाललाय, चौकशी नाही. ‘डोख, गेर्न’ म्हणा आणि बसा.

आता वर्कशीट काढा. सहावा प्रश्न खोडून पुन्हा लिहा, आणि शेजारच्याला एक नकारी प्रश्न विचारा. उत्तर देताना ‘या’ म्हणाल तर मी पुन्हा विचारणार आहे.