मुकुटाखालचं कपाळ
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : पाटावर बसलेलं बाळ. काळं झबलं, हलव्याचे दागिने. कॅमेरा हाराच्या काटेरी दाण्यांवरून हळूहळू चेहऱ्याकडे.]

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी बोरन्हाणं होतात. हे बाळ 11 महिन्यांचं आहे. डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, दंडाला बाजूबंद, डोळ्यांत काजळ आणि गालावर तीट. पुढच्या महिन्यात त्याचा पहिला वाढदिवस आहे आणि आमंत्रणपत्रिकेवर याच फोटोचं चित्र हवं आहे. सपाट रंग, ठळक रेघ, पण बघताक्षणी घरच्यांनी ओळखायला हवं.

[दृश्य : बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे डोक्यावरून ओतले जातात. बाळ डोळे घट्ट मिटतं.]

फोटो निवडायचा तो ओतायच्या आधीचा. चेहरा आक्रसला की नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत घडी पडते, डोळ्यांखाली सुरकुत्या येतात. फोटोत त्या गोड दिसतात. चित्रात त्यांच्या रेघा होतात आणि रेघेला वय असतं. इथे फोटो काढणारा खाली बसलेला आहे, म्हणजे कॅमेरा बाळाच्या नजरेच्या उंचीवर आहे, आणि अंतर दीडएक मीटर. उभ्यानं, जवळून काढलेला असता तर कपाळ फुगलं असतं, हनुवटी दबली असती आणि पुढची सगळी मापं खोटी ठरली असती.

[दृश्य : टॅबलेटचा पडदा. फोटो फिकट करून खालच्या लेयरवर. शेजारी एक फसलेलं चित्र.]

शेजारचं चित्र याच फोटोवरून गिरवलेलं आहे. एकेक रेघ फोटोवर बरोबर बसते. तरी हा चेहरा तिशीतल्या माणसाचा वाटतो. कारण मुकुटात आहे.

मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. टाळूपासून डोळ्यांपर्यंत जेवढं, तेवढंच डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत. वर्षाच्या बाळाचं तसं नसतं. त्याची कवटी झपाट्यानं वाढलेली असते, जबडा अजून मागे असतो, त्यामुळे डोळे मध्याच्या खाली येतात. डोळ्यांपासून हनुवटीपर्यंतचा भाग डोक्याच्या उंचीच्या साधारण 42 टक्के भरतो. बाळपण टिकतं ते या आठ टक्क्यांच्या फरकावर.

[दृश्य : पडद्यावर मोजपट्टीची रेघ. डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत.]

या फोटोत डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत 250 पिक्सेल भरतात. हे 42 टक्के, म्हणून त्याला 2.4 नं गुणलं की 600. म्हणजे टाळू हनुवटीपासून 600 पिक्सेल वर आहे. तिथे फोटोत काय दिसतं? मुकुट. कपाळाचा वरचा भाग, जावळ, टाळू, सगळं त्याच्या आड गेलेलं. गिरवणाऱ्यानं मुकुटाची खालची कड ही केसांची कड धरली, डोकं 500 पिक्सेलचं करून टाकलं आणि मुकुट वर टोपीसारखा ठेवून दिला. 250 वर, 250 खाली. मोठ्या माणसाचं माप तंतोतंत जमलं.

[दृश्य : चित्रकर्तीचा हात. मुकुटाच्या आरपार एक लंबगोल.]

म्हणून इथे पहिली रेघ चेहऱ्याची नाही. आधी कवटीचा लंबगोल, मुकुट जणू काचेचा आहे असं धरून, त्याच्या आरपार. मग त्यावर डोळ्यांची आडवी रेघ, वरून 350 वर. मुकुट शेवटी, वेगळ्या लेयरवर, या कवटीला वळसा घालून बसतो. जावळ काढल्यानंतरचा एखादा फोटो घरात असला तर तो मागून घ्यावा. कवटीचा आकार त्यात उघडा दिसतो.

[दृश्य : गालाची रेघ सावकाश उतरते. हनुवटीपाशी तुटते.]

चेहऱ्याची सगळ्यांत रुंद जागा डोळ्यांच्या रेघेवर धरायची नाही. बाळाचे गाल खाली, जवळजवळ ओठांच्या पातळीला भरलेले असतात. कानापासून हनुवटीकडे जबड्याची सरळ रेघ ओढली की खेळ संपला. इथे गालाची रेघ खाली येते, हनुवटीच्या आधी थांबते, आणि हनुवटीला फक्त एक छोटी कमान मिळते. मान दिसत नाही. हार जवळजवळ हनुवटीखालीच सुरू होतो. मोबाइलवरची सुंदर करणारी फिल्टरं याच्या नेमकं उलटं करतात. जबडा निमुळता, हनुवटी टोकदार, डोळे फुगवलेले. एका बोटात काम होतं आणि बाळपणही जातं.

[दृश्य : डोळ्यांचा अगदी जवळून घेतलेला शॉट. काजळाची रेघ, खिडकीचा उजेड बुबुळात.]

आता डोळे. इथे वेळ द्यायला लागतो.

जन्मतःच बाळाचं बुबुळ जवळजवळ 10 मिलिमीटर रुंद असतं आणि दोनेक वर्षांत मोठ्या माणसाएवढं होतं. पापण्यांची फट मात्र त्यानंतरही बरीच वर्षं वाढत राहते. त्यामुळे बाळाच्या डोळ्यात बुबुळ निम्म्याच्या जवळपास रुंदी व्यापतं. मोठ्यांत ते चाळीस टक्क्यांच्या आसपास. पांढरा भाग आधीच कमी. चित्रकार डोळे मोठे करायच्या नादात फट वाढवतो आणि बुबुळ होतं तेवढंच ठेवतो, तेव्हा चारी बाजूंनी पांढरं दिसायला लागतं. बाळ दचकल्यासारखं, कुणीतरी धरून ठेवल्यासारखं दिसतं.

शैलीसाठी डोळे मोठे करायचेच असतील तर फट आणि बुबुळ एकत्र निवडून, दहा टक्क्यांपर्यंत. या चित्रात फट 82 पिक्सेलची 90 झाली, बुबुळ 38 चं 42. दोन डोळ्यांमधलं अंतर हलवायचं नाही. आणि वरच्या पापणीनं बुबुळाची वरची कड थोडी झाकलीच पाहिजे. बुबुळाच्या वर पांढऱ्याचा एक पिक्सेलही दिसला तरी नजर बिघडते.

[दृश्य : फसलेल्या चित्राचे डोळे. मग खऱ्या फोटोतले.]

दुसरी अडचण नाकाची. बाळाच्या नाकाचा दांडा चपटा असतो आणि आतल्या कोपऱ्यावर त्वचेची घडी येते. ती घडी नाकाकडचा पांढरा भाग झाकते, बाहेरचा उघडा राहतो. त्यामुळे सरळ बघणारं बाळही तिरळं असल्याचा भास होतो. फोटोत मेंदू हे सांभाळून घेतो. सपाट रंगात सांभाळायला काही उरत नाही.

नजर ठरवायची ती बुबुळातल्या उजेडाच्या ठिपक्यावरून. डोळ्यांचे डॉक्टरही तिरळेपणा तपासताना टॉर्च मारून हाच ठिपका बघतात: दोन्ही बुबुळांत तो सारख्याच जागी असला तर डोळे सरळ. या फोटोत खिडकी बाळाच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे आहे. घड्याळाच्या भाषेत ठिपका दोन्ही डोळ्यांत दहाच्या जागी. तिथेच तो काढला आणि आतल्या कोपऱ्यात पांढऱ्याची बारीक चिरी दिली की तिरळेपणा जातो.

[दृश्य : पडद्यावर एक डोळा कॉपी होतो, उलटा होतो, दुसऱ्या बाजूला बसतो.]

आणि ही सगळ्यांत नेहमीची चूक. एक डोळा नीट जमला म्हणून त्याची कॉपी करून आडवी उलटी केली. आकार जुळला, पण ठिपका एका डोळ्यात दहाला, दुसऱ्यात दोनला. आता दोन डोळे दोन दिशांना बघतात. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, तो फक्त म्हणतो, “काहीतरी भीती वाटते बुवा.” कॉपी चालेल, पण ठिपके वेगळ्या लेयरवर, शेवटी, हातानं.

[दृश्य : काजळाची रेघ ब्रशनं फिकी होते.]

काजळ. बाळाच्या डोळ्यांत ते घालू नये असं बालरोगतज्ज्ञ सांगतात; तो विषय वेगळा. चित्रात काजळ जसंच्या तसं उतरलं की बाहेरच्या कोपऱ्याला शेपूट येतं आणि बाळ नटलेलं दिसतं. म्हणून खालच्या पापणीला रेघच नाही. वरच्या पापणीची रेघ मधे जाड, दोन्ही टोकांना विरत जाणारी, बाहेर वर न वळणारी. रंग काळ्याऐवजी गडद तपकिरी. तीट मात्र ठेवली. ती गालावर आहे, रेघांच्या भानगडीत येत नाही, आणि आजीला ती दिसली नाही तर चित्र परत येतं.

[दृश्य : नाक आणि ओठ, भराभर.]

नाकाला दांड्याची रेघ नाही, खाली एक छोटी सावली पुरे. ओठांना बाहेरची कड नाही. रंग, आणि दोन ओठांमधे एक गडद रेघ. हसताना खालचे दोन दात दिसतात, ते मिळून एकच पांढरा ठिपका. दातांमधे रेघ घातली की तोंड मोठ्या माणसाचं होतं.

[दृश्य : पूर्ण बाळ, बसलेलं. हातात बासरी.]

शरीर. उभं मोजलं तर या वयात डोकं उंचीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास. बसलेल्या बाळात तिसऱ्या हिश्शाहून जास्त. खांदे डोक्यापेक्षा थोडेच रुंद. बोटांच्या सांध्यांवर उंचवटे नाहीत, खळ्या. मनगटाला एक घडी.

[दृश्य : पडद्यावरचं चित्र डावं-उजवं उलटतं. पुन्हा सुलटतं.]

तपासणी आरशात. क्रिटा हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी कीबोर्डवर M दाबायचं, चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, आणि एक डोळा वर गेलेला असला तर ताबडतोब कळतं. चित्र डोक्यावर उभं करून बघायची जुनी युक्ती इथे उपयोगाची नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर थॉम्पसन यांनी 1980 मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या फोटोतले डोळे आणि तोंड तेवढं उलटं करून दाखवलं होतं: फोटो डोक्यावर उभा केला की चेहरा ठीकठाक वाटतो, सुलटा केला की अंगावर येतो. उलट्या चेहऱ्यातली मोडतोड आपल्याला सहजी दिसत नाही.

[दृश्य : मुकुट. दाणे एकेक करून उमटतात. दृश्य लांबवावं.]

मुकुटाचे सगळे दाणे काढले तर नजर तिथेच अडकते. म्हणून काटे फक्त कडेच्या दाण्यांना, आतले नुसते पांढरे गोल, कपाळाजवळ आणखी फिके. मुकुटाची सावली कपाळावर पातळ ठेवली आहे. ती जाड झाली की भुवया खाली ओढल्यासारख्या दिसतात. भुवया तशाही फिक्या, केसांच्या रंगापेक्षा दोन पायऱ्या हलक्या.

[दृश्य : छापखाना. पाच बाय सात इंचाची पत्रिका यंत्रातून बाहेर येते.]

पत्रिका पाच बाय सात इंचाची, इंचाला 300 पिक्सेल. डोकं दोन इंच, बुबुळ साडेतीन मिलिमीटर, आणि त्यातला उजेडाचा ठिपका जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. छपाईत रंगांचे थर एकमेकांवर किंचित सरकले तरी तो बुजतो आणि डोळे काळे ठार होतात. चाचणीच्या पहिल्या प्रतीत उजवा ठिपका गेलाच होता. दोन्ही ठिपके आठ पिक्सेलवरून बारा केले आणि बुबुळाचा रंग चार शाईंऐवजी दोन शाईंत बसवला. दुसरी प्रत पास झाली, शंभर छापल्या.