दहा मिनिटांत नवे भजन

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात आरतीनंतर एक नवे भजन सर्वांकडून म्हणवून घेण्याचे काम माझ्याकडे असते. समोर आजोबा, सुना, शाळकरी मुले आणि नुकताच आवाज फुटलेले दोन-चार मुलगे बसलेले असतात, आणि हाताशी वेळ असतो जेमतेम दहा मिनिटांचा. तेवढ्यात भजन बसवायचे तर एक तुकडा मी म्हणायचा आणि तोच सर्वांनी माझ्यामागून म्हणायचा, एवढीच रीत उपयोगी पडते.

पहिला प्रश्न पट्टीचा असतो. माझा गळा काळी चारमध्ये खुलतो. पण त्या पट्टीत तार षड्जाला पुरुषांचा आवाज एक तर फाटतो किंवा खालच्या सप्तकात पुटपुटू लागतो. म्हणून चाल मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत असेल, तर मी पेटीवर पांढरी एक धरते. स्त्रिया व मुले वरच्या सप्तकात आणि पुरुष खालच्या सप्तकात, असे सगळे आपोआप जुळते.

यंदाचे ध्रुवपद मीच रचले होते: ‘उघडा कवाड, आला दारी हरी.’ सहा अक्षरांचा प्रत्येक तुकडा भजनी ठेक्याच्या आठ मात्रांच्या एका आवर्तनात बसतो. आधी शब्द नुसतेच तालात बोलून घेतले, मग ‘उघडा कवाड’ गायले, आणि पुढच्या समेवर सर्वांनी ते परत दिले. सेकंदाला एक मात्रा धरली, तर माझा तुकडा आणि त्यांचा तुकडा मिळून सोळा सेकंद होतात. दोन्ही तुकडे तीन-तीनदा, मग अख्खी ओळ तीनदा, असे सव्वातीन मिनिटांत ध्रुवपद तोंडी बसते. टाळ मात्र मध्येच थांबू द्यायचा नाही. तो थांबला की लोक समेची वाट पाहणे सोडून एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

त्यांच्या पाळीला मी गप्प राहते. हे कठीण जाते, पण त्यांच्याबरोबर गायले तर चूक माझ्याच आवाजाखाली झाकली जाते. त्या दिवशी ‘हरी’वर मागच्या रांगा एकदम मंदावल्या. ‘दारी’वरून तार षड्जावर घेतलेली उडी त्यांना सापडत नव्हती. समजावून न सांगता मी ठेका चालू ठेवून फक्त ‘दारी हरी’ दोनदा म्हटले, आणि तिसऱ्यांदा आवाज भरून आला. आदल्या वर्षी मी अशाच जागी हौसेने हरकत घेतली होती, तेव्हा जितके गळे तितक्या चाली झाल्या होत्या.

कडवे मात्र पाठ व्हावे असा हट्ट मी धरत नाही. ते तुकड्यातुकड्याने मागून म्हटले तरी पुरते. गर्दीत विखरून बसवलेले चार झीलकरी ध्रुवपद उचलून धरतात, आणि तेवढे सर्वांना येत असते.