कागदावर सारखी वाटणी, हातात मात्र वेगळी
(घटस्फोटानंतरच्या आर्थिक घडीवरील व्याख्यान, संपादित)

घटस्फोटाच्या वाटाघाटीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "घर मला, बाकीचं तुला." हिशेब जुळतो, दोघं सही करतात आणि वर्षभराने घर घेणाऱ्याकडे हप्ता भरायला पैसे उरत नाहीत. असं का होतं, ते एका उदाहरणातून पाहू. आकडे कुठल्याच चलनात नाहीत. घर मागणाऱ्या पत्नीचा दरमहा हाती येणारा पगार 100 धरायचा आणि बाकी सगळं त्याच मापात मोजायचं. पतीचा पगार 140 आहे. एक मूल आहे, ते आईकडे राहणार.

घराची किंमत 6000, त्यावर कर्ज 2600, म्हणजे घरातला स्वतःचा वाटा 3400. म्युच्युअल फंड 1400, ते घेतले तेव्हा 600 लागले होते. पतीच्या नावावर निवृत्ती निधी 2000. बँकेत रोख 400. बेरीज 7200, प्रत्येकी 3600. पत्नी घर आणि 200 रोख घेते, पती बाकीचं सगळं. दोघांकडे बरोबर 3600.

आता प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारायचा: ही आज मोडली तर हातात किती पडेल? घर विकताना दलाली, कागदपत्रं, डागडुजी मिळून 5 टक्के धरले तर 300 गेले, उरले 3100. निवृत्ती निधी काढताना 20 टक्के कर लागतो असं धरलं तर 2000 चे 1600 होतात. फंडांवर नफा 800. त्यावर 15 टक्के कर म्हणजे 120, उरले 1280. दर तुमच्या कायद्याप्रमाणे बदलतील, पण रीत हीच. पत्नीकडे 3300, पतीकडे 3080. म्हणजे इथे पत्नीला उलट थोडं जास्तच मिळालं! तक्रार रकमेची नाहीच. तिच्या 3300 पैकी 3100 भिंतींत आहेत आणि भिंतीतून महिन्याचा खर्च निघत नाही.

फंडांबद्दल थोडं विषयांतर. युनिट वाटून घेतले, तर बऱ्याच करपद्धतींत जुनी खरेदी किंमतही त्यांच्यासोबत येते. जुने, भरपूर नफ्याचे युनिट एकाला आणि नुकतेच घेतलेले दुसऱ्याला गेले, तर आजची किंमत सारखी असूनही कराचा भार एकाच्याच माथी बसतो. म्हणून प्रत्येक खरेदीतले निम्मे निम्मे मागावेत. निवृत्ती निधीचंही तसंच. तो मोडून पैसे वाटण्यापेक्षा खात्यातून खात्यात वर्ग होतो का ते आधी पाहावं, कारण मुदतीआधी काढल्यावर अनेक ठिकाणी करासोबत दंडही बसतो. वर्ग करायला न्यायालयाचा वेगळा आदेश लागत असेल, तर तो वाटणीच्या वेळीच घ्यावा. नंतर मागे लागणं फार किचकट होतं.

आणि कर्ज. करारात "हप्ते पत्नी भरेल" असं लिहिल्याने बँक बांधली जात नाही. कर्ज दोघांच्या नावावर असेल, तर हप्ता चुकल्यावर बँक दोघांनाही धरते आणि दोघांचाही पतइतिहास बिघडतो. म्हणून करारात मुदत हवी: अमुक महिन्यांत कर्ज एकाच नावावर नव्याने घ्यायचं, नाही जमलं तर घर विकायचं. बँक ते देईल का, हे सहीच्या आधी एकट्याच्या पगारावर लेखी विचारून घ्यावं. संयुक्त क्रेडिट कार्ड आणि ओव्हरड्राफ्ट सरळ बंद करावेत.

आता महिन्याकडे वळू. एक घर मोडून दोन झाली की खर्च निम्मा होत नाही. कुटुंबांची तुलना करताना अर्थतज्ज्ञ एक मोजपट्टी वापरतात: पहिल्या प्रौढाला 1, पुढच्या प्रत्येक प्रौढाला 0.5, चौदा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला 0.3. तिघं एकत्र असताना बेरीज 1.8. वेगळे झाल्यावर आई आणि मूल 1.3, वडील 1, मिळून 2.3. तेच राहणीमान टिकवायला सुमारे 28 टक्के जास्त पैसा लागतो. एकत्र असताना खर्च 180 असेल, तर आई आणि मुलाला 130 लागतील. पगार आहे 100. मुलाच्या खर्चासाठी पोटगी 20 धरली तरी 10 कमी पडतात, बचत तर दूरच. थोडक्यात, जुनं अंदाजपत्रक कापून छोटं करण्यात अर्थ नाही. ते नव्याने मांडावं लागतं.

मागच्या बारा महिन्यांची बँक विवरणपत्रं समोर घ्या. तीनच महिने घेतले तर विम्याचा हप्ता, शाळेची फी, दुरुस्ती ही वर्षातून एकदा येणारी खाती निसटतात, आणि अंदाज तिथेच फसतो. ती सगळी मिळवून बाराने भागायची.

आपल्या उदाहरणात मुलाचं शिक्षण आणि सांभाळ 18, किराणा आणि बिलं 20, प्रवास आणि विमा 13, मिळून 51. घर ठेवलं तर हप्ता 25 (8 टक्के व्याज, 15 वर्षं), देखभाल 5 (वर्षाला किंमतीच्या एक टक्का), कर आणि घराचा विमा 3, म्हणजे 33. टाळता न येणारा खर्च 84. इतर आणि वार्षिक खर्च 30. एकूण 114, उत्पन्न 120, शिल्लक 6. दुसरा मार्ग: घर विकून सगळंच निम्मं वाटलं आणि 22 भाड्याने लहान घर घेतलं. टाळता न येणारा खर्च 73, एकूण 103, शिल्लक 17.

पोटगी थांबली तर? पहिल्या मार्गात दरमहा 14 ची तूट, दुसऱ्यात 3 ची. माझ्या मते निर्णयाची खरी कसोटी हीच. पोटगी उशिरा येते, कमी होते, मूल मोठं झालं की संपते. टाळता न येणारा खर्च स्वतःच्या पगारात बसलाच पाहिजे आणि वर थोडी जागाही उरली पाहिजे. पोटगी देणाऱ्याच्या आयुष्याचा विमा काढून लाभार्थी म्हणून मुलाचं किंवा त्याच्या पालकाचं नाव घालण्याची अटही करारात मागता येते.

गुंतवणूक याच्या नंतर. एका पगारावर नोकरी गेली तर आधार देणारा दुसरा पगार नसतो, म्हणून गंगाजळी किमान सहा महिन्यांच्या टाळता न येणाऱ्या खर्चाची हवी. घर ठेवल्यास 504 लागतात आणि हातात 200 आहेत, जेमतेम अडीच महिने. घर विकल्यास वाट्याला 1550 आणि रोख 200 येतात, त्यातून 438 सहज बाजूला ठेवता येतात. अनामत आणि घर लावण्याचे 100 वजा करून सुमारे 1200 उरतात. दोन-तीन वर्षांत छोटं घर घ्यायचं असेल, तर ही रक्कम ठेवीतच ठेवावी. शेअर बाजार तोवर खाली असू शकतो. तसं नसेल, तर वर्षभरात बारा सारख्या भागांत गुंतवावी. सगळी एकदम गुंतवल्यास सरासरीत फायदा जास्त दिसतो हे खरं, पण वाटणीचे पैसे पहिल्याच महिन्यात घसरलेले पाहून मोडून टाकणारे बरेच असतात, आणि त्यात नुकसान मोठं होतं.

दरमहा शिल्लक 17 पैकी 10 पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापले जावेत, 7 मोकळे राहू द्यावेत. वर्षाला 7 टक्के परतावा धरला तर 15 वर्षांत 10 चे साधारण 3170 होतात. त्यात आपण भरलेले 1800. पगार वाढला की वाढीतला निम्मा भाग या रकमेत घालावा. मूल मोठं झाल्यावर पोटगी जाईल, पण सांभाळाचा आणि फीचा खर्चही बदलेल; त्या वर्षाचं अंदाजपत्रक आत्ताच एका वेगळ्या कागदावर मांडून ठेवा.

आणि जाता जाता, विमा, फंड, बँक खाती, निवृत्ती निधी यांवरचं नामांकन तपासा. घटस्फोटाने ते आपोआप बदलेलच असं नाही. प्रत्येक ठिकाणी अर्ज देऊन पोच घ्यावी लागते, आणि मृत्युपत्रही नव्याने करावं लागतं.