घाटाखालचा ‘गेलो’

(दृश्य: पहाटेचे धुके. फोंडा घाटाच्या वळणांवरून खाली उतरणारी एसटी.)

कोल्हापुराहून राधानगरी-दाजीपूरमार्गे कणकवलीकडे निघालेली गाडी फोंडा घाट उतरायला लागली, की तासाभराच्या आत प्रवाशांची भाषा बदलते. वर, घाटमाथ्यावर, कोणी विचारते, ‘त्यो कुठं गेला?’ खाली, पायथ्याशी, तोच प्रश्न येतो, ‘तो खंय गेलो?’ माणूस तोच आणि जाणेही तेच, पण ‘गेला’चा ‘गेलो’ झालेला असतो. घाटावरच्या माणसाला इथे हमखास चकवा बसतो, कारण त्याच्या कानाला ‘गेलो’ म्हणजे ‘मी गेलो’. मालवणी माणूस स्वतःविषयी बोलताना मात्र ‘मी गेलंय’ म्हणतो आणि ‘गेलो’ हे रूप तिसऱ्या पुरुषासाठी राखून ठेवतो. गंमत अशी, की ‘ती गेली’ दोन्हीकडे सारखेच आहे. चकवा बसतो तो पुल्लिंगात.

हा फरक कोणाच्या चुकीमुळे आलेला नाही. संस्कृतातल्या ‘घोटक’ या शब्दापासून प्राकृतात ‘घोडओ’ असे रूप तयार झाले. पुढे शेवटच्या दोन स्वरांचा एक स्वर होताना देशावर त्याचा ‘आ’ झाला, तर दक्षिण कोकणात आणि गोव्यात ‘ओ’ झाला. म्हणून वर ‘घोडा’, ‘माझा’, ‘गेला’, आणि खाली ‘घोडो’, ‘माझो’, ‘गेलो’. गुजरातीतही ‘घोडो’च म्हणतात, तेव्हा कोकणाने काही जगावेगळे केले असे नाही. प्रश्न एवढाच, की एका बाजूचे वळण दुसऱ्या बाजूपर्यंत का पोहोचले नाही?

(दृश्य: ड्रोनमधून सह्याद्रीची धार. एका बाजूला पठार, दुसऱ्या बाजूला सरळ तुटलेला कडा.)

सह्याद्री पश्चिमेकडून पाहिला तर भिंतीसारखा दिसतो आणि पूर्वेकडून पाहिला तर जेमतेम उतरत्या टेकड्यांसारखा. कोल्हापूरचे पठार समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांच्या वर आहे, तर घाटाच्या पायथ्याची गावे समुद्राच्या पातळीहून फार उंच नाहीत. ही उंची एकदमच उतरावी लागते आणि उतरण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. नाणेघाट, बोरघाट, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली अशी ही नावे आहेत, आणि त्यांच्या मधल्या अनेक कोसांत बैलावर ओझे लादून नेता येईल अशी वाट क्वचितच सापडते. शिवाय जून ते सप्टेंबर या काळात पाऊस असा कोसळतो, की रस्ते होण्यापूर्वी या वाटाही जवळपास बंदच असत.

बोलीतला बदल कानातून कानात जातो, आणि त्यासाठी लहान मुलांना, सासरी आलेल्या मुलींना, आठवडी बाजारात घासाघीस करणाऱ्यांना एकमेकांचे बोलणे वर्षानुवर्षे ऐकावे लागते. घाटातून मीठ, सुके मासे आणि नारळ वर जात, गूळ आणि धान्य खाली येई. पण हा व्यवहार करणारे तांडे मुक्कामापुरते थांबत आणि पुढे जात. माल घाट ओलांडत होता, पण लेकी फारशा ओलांडत नव्हत्या, आणि बोलीला खरी गरज लेकींची असते. म्हणून शतकानुशतके व्यापार चालूनही ‘गेला’ आणि ‘गेलो’ आपापल्या बाजूलाच राहिले.

बोलींचा अभ्यास करणारे लोक ही गोष्ट नकाशावर तपासतात. गावोगाव जाऊन एकच शब्द विचारायचा, ‘मला’ म्हणतात की ‘माका’, ‘कुठे’ म्हणतात की ‘खंय’, ‘आला’ म्हणतात की ‘इलो’, आणि जिथे उत्तर बदलते तिथून एक रेघ ओढायची. सपाट प्रदेशात या रेघा सहसा एकमेकींवर पडत नाहीत. एक शब्द इथे बदलतो, दुसरा आणखी दहा गावे पुढे, त्यामुळे बोलीची सीमा पंख्यासारखी पसरलेली दिसते. राजापूर ते कणकवली या उत्तर-दक्षिण पट्ट्यात रत्नागिरीकडची बोली मालवणीत विरत जाते ती अशीच हळूहळू, आणि अमुक गावाच्या वेशीवर ती संपली असे कोणाला म्हणता येत नाही. फोंडा घाटात मात्र या साऱ्या रेघा कड्याच्या काठावर एकत्र गोळा होतात. रेघांची अशी जुडी दिसली, की तिथे बोलण्याची साखळीच तुटलेली आहे असे समजायला हरकत नाही.

भिंतीला फट असली की काय होते, हे चंदगडला दिसते. हा तालुका कोल्हापूर जिल्ह्यात, म्हणजे घाटावर आहे. पण तिथून तिलारीच्या बाजूने खाली उतरता येते आणि आंबोलीची वाटही दूर नाही. एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ले बंदरातला माल आंबोली घाटाने बेळगावला जात असे. चंदगडी बोलीत कोकणीची लकब ऐकू येते आणि शेजारच्या कन्नडचाही ठसा आहे. तोच सह्याद्री आणि तीच उंची, पण इथे माणसांचे येणेजाणे अधिक, म्हणून बोलीही मिसळलेली.

(दृश्य: वाघोटन खाडीचे मुख, विजयदुर्गाचा तट. पाण्यात एक होडी.)

आता नद्यांकडे वळू. सह्याद्रीच्या दोन बाजूंच्या नद्या भाषेच्या दृष्टीने अगदी उलट वागतात, आणि ते का, हे समजून घेण्यासारखे आहे. गोदावरी, भीमा आणि कृष्णा घाटमाथ्यावर उगम पावून शेकडो किलोमीटर पूर्वेकडे वाहतात. उन्हाळ्यात त्यांना उतार मिळतो, काठाने गाडीवाट जाते, पेठा आणि तीर्थे वसतात, त्यामुळे खोरेच्या खोरे एका बोलीत बोलू लागते. तिथे नदी म्हणजे रस्ताच. कोकणातल्या नद्यांना धावायला जागाच नाही. सह्याद्रीची धार आणि समुद्र यांच्यातले अंतर दक्षिण कोकणात साधारण ५० किलोमीटरच आहे. या नद्या डोंगरातून उतरतात आणि थोड्याच अंतरावर भरतीचे पाणी आत घेणाऱ्या रुंद खाड्या बनतात. कोकणची पट्टी उत्तर-दक्षिण, आणि खाड्या तिला आडव्या कापणाऱ्या: बाणकोटला सावित्रीची, दाभोळला वाशिष्ठीची, जयगडला शास्त्रीची, विजयदुर्गला वाघोटनची. किनाऱ्याने दक्षिणेकडे चालत निघालेल्या माणसाला दर एक-दोन दिवसांनी खाडीपार नेणाऱ्या तरीसाठी थांबावे लागे. पावसाळ्यात तरही बंद.

पण खाडी सगळ्यांना सारखीच अडवत नाही, आणि कोकणच्या बोलींचे खरे गुपित इथे आहे. डोक्यावर भाताचा भारा घेऊन चालणाऱ्या कुणब्याला खाडी म्हणजे अडसर. तीच खाडी कोळ्याला, गाबिताला, दालद्याला अंगणासारखी. त्याची होडी जयगडहून विजयदुर्गला जितक्या सहज जाते, तितक्या सहज कुणबी पलीकडच्या डोंगरावरच्या गावात जात नाही. म्हणून एकाच खाडीच्या काठी दोन तऱ्हांच्या बोली ऐकू येतात. शेतकऱ्यांची बोली खाडीगणिक थोडी बदलत जाते, तर दर्यावर्दी जमातींची बोली किनाऱ्याकिनाऱ्याने दूरवर ओळखीची राहते. कोकणी भाषा गोव्याहून थेट कोचीपर्यंत किनाऱ्याने पसरली, त्यातही समुद्राच्या वाटेचा मोठा वाटा आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांनी केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणात, १९०५ साली निघालेल्या मराठीच्या खंडात, कोकणातल्या बोलींची नावे पाहिली तर काही गावांवरून पडलेली आहेत, जसे बाणकोटी आणि संगमेश्वरी, तर काही जातीजमातींवरून, जसे कोळी, कुणबी आणि आगरी. नावे ठेवण्याची ही पद्धत अनेकांना गोंधळाची वाटते. आम्हाला ती बरीचशी खरी वाटते, कारण कोकणात बोली जागेवर जितकी अवलंबून आहे तितकीच माणूस चालत जातो की वल्हवत जातो यावरही आहे.

(दृश्य: तेरेखोलचे पात्र. दूर किल्ला. मग शापोऱ्याचा पूल.)

शेवटी दोन शेजारच्या नद्यांकडे पाहू. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या सीमेवर तेरेखोल वाहते आणि तिच्या दक्षिणेला, पेडणे तालुका ओलांडला की शापोरा. दोघीही सह्याद्रीत उगम पावतात, दोघींच्या मुखाशी भरती-ओहोटीचे खारे पाणी असते. आज राज्याची सीमा तेरेखोलवर आहे, तेव्हा भाषेची भेगही तिथेच असावी असे वाटते. प्रत्यक्षात बांदा-सातार्ड्याचा माणूस आणि पेडण्याचा माणूस आपापल्या बोलीत बोलले तरी दोघांना फारसे अडत नाही. दोघांचाही ‘तो’ ‘गेलो’च असतो. शापोरा ओलांडून बारदेशात, विशेषतः ख्रिस्ती वस्तीत गेले, की मात्र उच्चार, हेल आणि पोर्तुगीज शब्दांची पेरणी यांमुळे कान टवकारावे लागतात.

याचे कारण नदीच्या रुंदीत सापडणार नाही, ते तारखांत सापडते. बारदेश १५४३ साली पोर्तुगीजांकडे गेला. पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून त्यांच्या हाती आले ते १७८८ साली. म्हणजे २४५ वर्षे शापोरा ही दोन राजवटींची हद्द होती. दक्षिणेला चर्च आणि रोमन लिपी, उत्तरेला देवळे आणि मोडी. सोयरीक जमवताना नदीच्या पलीकडे पाहण्याचे कारण कमी आणि अडचणी जास्त. तेरेखोलला ही संधी मिळाली ती उशिरा, आणि तोवर दोन्ही काठांची बोली घडून गेलेली होती. त्यामुळे नकाशावर नदी दिसली की तिलाच दोष देण्याची घाई करू नये. त्या पाण्यावर नाका किती काळ होता, हे आधी पाहावे.

(दृश्य: सिंधुदुर्गातले एक घर. ओटीवर आजी, शेजारी शाळेच्या गणवेशातली नात.)

आता खाड्यांवर पूल आहेत, १९९८ पासून कोकण रेल्वे धावते आहे आणि फोंडा घाट उतरायला तासभर पुरतो. एवढे झाल्यावर घाटावरचा ‘गेला’ एसटीतून खाली यायला हवा होता. तो खाली आलाही, पण राधानगरीच्या प्रवाशांबरोबर नव्हे. तो शाळेच्या पुस्तकातून आणि टीव्हीवरून आला, आणि ‘त्यो’ न होता शुद्ध ‘तो’ होऊन आला. सिंधुदुर्गातल्या अनेक घरांत आज नात बाईंना ‘तो गेला’ सांगते, आणि ओटीवर आजीने ‘बापूस खंय गेलो गो तुझो?’ असे विचारले, की उत्तर देते, ‘बाजारात गेलो.’