एकच छज्जा सगळ्या भिंतींना का पुरत नाही

[दृश्य: पुण्यातली सात मजली सोसायटी. कॅमेरा इमारतीभोवती सावकाश फिरतो. सगळ्या खिडक्यांवर सारखेच छज्जे.]

निवेदन:
दोन फुटी छज्जा. पुण्यात कुठल्याही साइटवर गेलात तर लिंटेलच्या, म्हणजे खिडकीवरच्या तुळईच्या, पातळीला हाच बाहेर काढलेला दिसेल, ६० सेंटिमीटरचा. दक्षिणेला तोच, पश्चिमेला तोच, पूर्वेलाही तोच. ड्रॉइंगमध्ये एकदा काढला की पुढे कॉपी होत जातो. पावसासाठी म्हणाल तर तक्रारीला फारशी जागा नाही. ऊन मात्र चारही बाजूंनी सारखं येत नाही, आणि किती वेगळं येतं हे बघायला एक फुटाची पट्टी पुरते.

[दृश्य: २१ मार्च. दक्षिणेची भिंत. एक हात पट्टी भिंतीला काटकोनात, आडवी टेकवून धरतो. तिची सावली भिंतीवर खाली उतरलेली.]

निवेदन:
पट्टी ३० सेंटिमीटरची. तिच्या टोकाची सावली पट्टीच्या जवळपास ९० सेंटिमीटर खाली पडली आहे, म्हणजे लांबीच्या तिप्पट. आता एक गंमत बघा. आम्ही दिवसभर दर तासाला या टोकाच्या सावलीवर खडूने खूण केली.

[दृश्य: खडूच्या खुणा एका आडव्या सरळ रेषेत.]

निवेदन:
सावली डावीकडून उजवीकडे सरकली, पण वर-खाली झाली नाही. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास दक्षिणेच्या भिंतीवर असंच होतं. सूर्य त्या दिवशी आकाशात ज्या वाटेने जातो, ती वाट पुण्याच्या अक्षांशामुळे, म्हणजे साडेअठरा अंशांमुळे, दक्षिणेला तेवढीच कललेली असते. त्यामुळे छज्ज्याची सावली सकाळी नऊला जेवढी खाली येते तेवढीच दुपारी बाराला येते.

हिशेब सोपा होतो. खिडकी चार फूट उंच, म्हणजे १२० सेंटिमीटर. तिला पूर्ण झाकायला या दिवशी ४० सेंटिमीटरचा छज्जा बास. मार्चनंतर सूर्य आणखी वर चढतो, तेव्हा तर त्याहून कमी लागतो. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. ऐन उन्हाळ्यात, मे महिन्यात, दक्षिणेच्या खिडकीला दुपारच्या उन्हाची फारशी भीतीच नसते.

मग ६० सेंटिमीटर कशाला? ऑक्टोबरसाठी. १५ ऑक्टोबरला दुपारचा सूर्य ६३ अंशांवर असतो आणि ६० सेंटिमीटरच्या छज्ज्याची सावली ११८ सेंटिमीटर उतरते. खिडकी जेमतेम झाकली जाते. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य ४८ अंशांवर आलेला असतो. तेव्हा हाच छज्जा वरचे ६७ सेंटिमीटर झाकतो आणि खालच्या भागातून ऊन घरात येतं. पुण्याच्या थंडीत ते कुणाला नको असतं? म्हणजे दक्षिणेला आपला नेहमीचा दोन फुटी छज्जा अगदी मापात बसतो. दाद द्यायची तर इथे द्यावी.

[दृश्य: सकाळची दक्षिण भिंत. खिडकीच्या रुंदीएवढाच छज्जा. काचेच्या उजव्या बाजूला उन्हाचा तिरका त्रिकोण.]

निवेदन:
फक्त एक राहतं. सकाळ-संध्याकाळ सूर्य बाजूला असतो, म्हणून सावलीही बाजूला सरकते. छज्जा खिडकीच्या रुंदीएवढाच असला तर असा त्रिकोण मोकळा राहतो. ऑक्टोबरमध्ये सूर्य माथ्यावर येण्याच्या दीड तास आधी ही सरक ५० सेंटिमीटरच्या वर जाते. छज्जा दोन्ही बाजूंना फूट-दीड फूट जास्त न्यावा, नाहीतर खिडकीच्या दोन्ही कडांना एकेक फिन, म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेली उभी पट्टी, द्यावी. आणि माप भिंतीपासून नव्हे, काचेपासून घ्यायचं. खिडकी भिंतीच्या आतल्या अंगाला बसवली असेल तर चार-पाच इंच फुकटात मिळतात. छज्जा खिडकीच्या माथ्यावर बराच उंच टाकला असेल तर मात्र तितकी सावली कोऱ्या भिंतीवर वाया जाते.

[दृश्य: २१ मार्च, पश्चिमेची भिंत. भिंतीवरचं घड्याळ: पावणेपाच.]

निवेदन:
आता तीच पट्टी पश्चिमेला. घड्याळात पावणेपाच वाजलेत, पण सूर्याच्या हिशेबाने चारच. आपलं प्रमाणवेळेचं रेखावृत्त साडेब्याऐंशी अंशांवर आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून मार्चमध्ये पुण्यात सूर्य माथ्यावर यायला पावणेएक होतात. सूर्याच्या कोष्टकातली ही सौर वेळ आणि हातातलं घड्याळ यांची गल्लत केली की पश्चिमेचा सगळा हिशेब पाऊण तासाने चुकतो, आणि या भिंतीवर पाऊण तास म्हणजे बरंच काही.

[दृश्य: पट्टीची सावली. टेपने मोजणी: सोळा सेंटिमीटरच्या थोडं वर.]

निवेदन:
दक्षिणेला ९० होती, इथे १६. दोन फुटी छज्ज्याची सावली १२० सेंटिमीटरच्या काचेवर फक्त ३३ सेंटिमीटर येते. पूर्ण खिडकी झाकायची तर छज्जा २१९ सेंटिमीटर हवा, सव्वासात फूट. अजून तासाभराने, घड्याळात पावणेसहाला, तोच आकडा पंधरा फुटांच्या वर जातो. एवढी तर गॅलरीही कुणी काढत नाही, आणि मार्जिनमध्ये, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत, किती पुढे यायचं याला बांधकामाचे नियम आहेतच.

म्हणून पश्चिमेला आडव्याचा नाद सोडून उभ्या फिन लावायच्या, असं आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षापासून शिकवलं जातं. बरोबर आहे, पण अर्धंच. थंड प्रदेशात, म्हणजे बऱ्याच उत्तरेला, उन्हाळ्यातला दुपारचा सूर्य पश्चिमेच्या भिंतीवर बाजूने येतो. आपल्याकडे तो जवळजवळ नाकासमोर उतरतो.

[दृश्य: वरून नकाशा. पश्चिमेची भिंत, तिच्यावर काटकोनातल्या फिन. सूर्याचे किरण पिवळ्या रेषांनी.]

निवेदन:
२१ मार्चला सौर वेळेने चार वाजता सूर्य भिंतीच्या सरळ समोरून फक्त १० अंश दक्षिणेला असतो. १ मेला तोच ६ अंश उत्तरेला. समजा, ३० सेंटिमीटर खोल फिन काटकोनात लावल्या आणि दोन फिनमध्ये १७ सेंटिमीटरची फट ठेवली. मार्चच्या त्या उन्हात एका फिनची सावली साडेपाच सेंटिमीटर पडते. फटीचा दोन तृतीयांश भाग उन्हातच. मेमध्ये त्याहून वाईट. बाहेरून मात्र दर्शनी भाग भारी दिसतो, ब्रोशरमध्ये तर फारच.

[दृश्य: नकाशातल्या फिन सावकाश वळतात. बाहेरची टोकं उत्तरेकडे.]

निवेदन:
आता त्याच फिन ४५ अंशांत वळवू, बाहेरचं टोक उत्तरेकडे. समोरून येणारा किरण आता फिनच्या धारेवरून निसटत नाही, तिच्या अंगावर येतो. मार्चमध्ये सगळी फट बंद. ऑक्टोबरमध्ये सूर्य १९ अंश दक्षिणेला असतो, तेव्हाही बंद. १ मेला सौर पाच वाजता सूर्य १० अंश उत्तरेला गेलेला असतो आणि सावली १७ सेंटिमीटरच्या किंचित वर येते. म्हणूनच फट १७ ठेवली. २० ठेवली असती तर मेमध्ये उन्हाची पट्टी आत आली असती. जूनमध्ये सूर्य आणखी उत्तरेला सरकतो आणि दोन-तीन सेंटिमीटरची चीर उघडते, पण तेव्हा आभाळ बहुतेक भरलेलं असतं. तेवढी चीर आम्ही चालवून घेऊ. नैर्ऋत्येकडून येणारी पावसाची झडही या फिनच्या पाठीवर बसते, हा वरचा फायदा.

[दृश्य: अहमदाबाद. मिल ओनर्स असोसिएशनची इमारत. आधी रस्त्याकडची बाजू, मग नदीकडची.]

निवेदन:
हे ज्यांना प्रत्यक्ष बघायचं आहे त्यांनी अहमदाबादला जावं. वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने १९५४ मध्ये बांधून पूर्ण केलेली ही इमारत. रस्त्याकडची बाजू पश्चिमेची, तिथले काँक्रीटचे उभे पडदे भिंतीला तिरके आहेत. मागची, साबरमतीकडची बाजू पूर्वेची, तिथले सरळ काटकोनात. एकाच इमारतीच्या दोन बाजूंना दोन वेगळी उत्तरं.

पूर्वेला तसं का चालतं? भूमितीने बघाल तर पूर्व म्हणजे उलटी पश्चिम. सकाळी आठचा सूर्य दुपारी चारच्या सूर्याइतकाच खाली. फरक हवेत आहे. सकाळी आठला हवा थंड असते, भिंती रात्रभर निवलेल्या असतात. दुपारी चारला हवा दिवसाच्या सर्वांत गरम वेळेतून नुकतीच बाहेर पडत असते आणि भिंतीही तापलेल्या असतात. म्हणून पूर्वेशी तडजोड करता येते.

[दृश्य: पुणे, पूर्वेकडचं स्वयंपाकघर. ओट्यावर सकाळचं ऊन. घड्याळ: पावणेदहा. मग पावणेअकरा.]

निवेदन:
मार्चमध्ये घड्याळात पावणेदहापर्यंत ऊन येऊ द्यायचं ठरवलं तर ६० सेंटिमीटरचा छज्जा तेव्हा जवळपास अर्धी काच झाकतो. पावणेअकराला ९८ सेंटिमीटर. छज्जा अडीच फुटांचा केला तर पावणेअकराला चार फुटांची खिडकी पूर्ण सावलीत. फिनची गरज नाही. दवाखाना असेल, ऑफिस असेल, जिथे सकाळी दहापासून माणसं काचेला पाठ करून बसतात, तिथे मात्र ही तडजोड जमत नाही. तिथे पूर्वेलाही तिरक्या फिन किंवा आडव्या पट्ट्यांची जाळी लागते. आडव्या पट्ट्यांचा हिशेब छज्ज्याचाच. पश्चिमेला सव्वासात फुटांचा छज्जा जे करतो, तेच १५ सेंटिमीटर खोल पट्ट्या ८ सेंटिमीटरवर एक अशा लावून होतं. समोरचं दृश्य मात्र गेलंच म्हणून समजा.

[दृश्य: बांधकाम चालू असलेली इमारत. सेंटरिंगवाले फिनचं शटरिंग लावताहेत. एका हातात होकायंत्र.]

निवेदन:
साइटवर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. सोसायटीत दोन विंग असतात आणि दुसरीचा नकाशा पहिलीचा आरसा असतो. किचन इकडचं तिकडे, बेडरूम तिकडची इकडे, त्याने काही बिघडत नाही. पण उत्तर-दक्षिण उलटली की पश्चिमेच्या फिनही उलटतात आणि त्यांची टोकं दक्षिणेकडे वळतात. दिसायला अगदी जोडी जमते. मेमध्ये काही जाणवतही नाही, कारण तेव्हा सूर्य उत्तरेला असतो आणि उलट्या फिनही चालून जातात. ऑक्टोबरमध्ये ऊन तीन सेंटिमीटरच्या चिरेतून यायला लागतं, आणि डिसेंबरमध्ये १७ पैकी १० सेंटिमीटर फट उघडी पडते. तोवर रंगकामही झालेलं असतं. म्हणून ड्रॉइंगवर फिनचा कोन नुसता अंशांत लिहू नये. प्रत्येक विंगच्या नकाशावर, फिनच्या शेजारीच, उत्तरेचा बाण काढावा आणि होकायंत्र धरून मिस्त्रीकडून पहिली फिन आपल्यासमोर लावून घ्यावी.